गप्पांच्या ढंगातला मेल नीट करताना मुद्दे कधी पाडावेत आणि परिच्छेद कधी ठेवावा?

शाईचा_डाग

मी पुण्यातल्या एका छापखान्यात प्रकाशकांशी होणारा पत्रव्यवहार सांभाळते. आमच्याकडे नुकताच लागलेला एक तरुण सहकारी कामात चोख आहे, परंतु त्याचा मेल व्हॉट्सॲपवरच्या गप्पांसारखा उतरतो. तो मेल बाहेर जाण्यापूर्वी नीट करणे हे माझे काम आहे. गेल्या आठवड्यात २५६ पृष्ठांच्या एका पुस्तकासंबंधी त्याने पुढील मसुदा माझ्याकडे दिला.

> नमस्कार सर
> तो ७० चा कागद मिळत नाहीये
> ८० चा आहे
> पण मग कणा जाड होईल
> कव्हर परत सेट करावं लागेल
> बुधवारपर्यंत होईल बहुतेक
> बारकोडचं पण राहिलंय
> आणि प्रती किती फायनल?? १००० की १२००
> बिल कोणाच्या नावावर
> पान १४३ चा फोटो खराब आहे, मोठा पाठवा ना

आमच्या मालकांचा आग्रह असतो की मेल मुद्द्यांतच असावा, म्हणून मी त्याचे असे रूपांतर केले.

• ७० जीएसएम कागद उपलब्ध नाही.
• ८० जीएसएम कागद उपलब्ध आहे.
• पुस्तकाचा कणा जाड होईल.
• मुखपृष्ठ पुन्हा बसवावे लागेल.
• मुखपृष्ठाचे प्रूफ : बुधवार.
• बारकोड बाकी.
• प्रतींची संख्या : १००० / १२०० ?
• बिलाचे नाव ?
• पृष्ठ १४३ वरील छायाचित्र बदलणे.

दिसायला हे नीटनेटके होते. प्रकाशकांचे उत्तर मात्र असे आले की ८० चा कागद चालेल, मुखपृष्ठ पुन्हा करण्याचा खर्च आमच्यावर लावू नये आणि बुधवारी सकाळी प्रूफ न्यायला माणूस येईल. प्रती, बारकोड, बिल आणि छायाचित्र यांविषयी एक अक्षरही नव्हते. बुधवारी माणूस आला तेव्हा प्रूफ तयार नव्हते, आणि त्याला चहा पाजून परत पाठवण्याचे कामही माझ्याच वाट्याला आले. माझे नेमके कुठे चुकले? मुद्दे पाडायचेच नव्हते की चुकीच्या ठिकाणी पाडले?

दुपारचा_चहा

मालकांचे म्हणणे बरोबर आहे असे मला वाटते. आज बहुतेक माणसे मेल मोबाइलवर वाचतात, आणि तिथे सहा ओळींचा परिच्छेद पंधरा ओळींच्या भिंतीसारखा दिसतो. दोष मुद्द्यांचा नसून त्यांच्या संख्येचा आहे. नऊऐवजी पाच मुद्दे केले असते, तर उत्तर नीट आले असते.

जुना_जुळारी

मी तीस वर्षे अक्षरजुळणीत काढली आहेत, त्यामुळे छापखान्याचे हे दुखणे वाचून घरची आठवण झाली. चहासाहेब, क्षमा असावी, परंतु दोष संख्येचा नाही.

गप्पांमध्ये माणूस एक वाक्य लिहिता लिहिता तीनदा एंटर दाबतो. ती ओळ म्हणजे विचार संपल्याची खूण नसते. केवळ अंगठा थांबल्याची खूण असते. शाईताईंनी प्रत्येक एंटरच्या जागी एक टिंब ठेवले, आणि त्यामुळे अंगठ्याच्या विश्रांतीला मुद्द्याचा मान मिळाला. मसुद्यातल्या पहिल्या पाच ओळी हे वास्तविक एकच वाक्य आहे. कागद मिळत नाही म्हणून दुसरा घ्यावा लागतो, तो जाड आहे म्हणून कणा रुंद होतो, कणा रुंद झाल्यामुळे मुखपृष्ठाचे माप बदलते, आणि म्हणून प्रूफ पुन्हा काढावे लागते. मुद्दे पाडताना या साखळीतला प्रत्येक «म्हणून» गळाला. तो गळाल्यावर «मुखपृष्ठ पुन्हा बसवावे लागेल» हे वाक्य एकटे पडले, आणि एकटे पडलेले ते वाक्य छापखान्याच्या चुकीची कबुली असल्यासारखे वाचले गेले. खर्च लावू नका, असे प्रकाशक म्हणाले ते त्यामुळेच.

गळालेला दुसरा शब्द म्हणजे «बहुतेक». मुलाने तो प्रामाणिकपणे लिहिला होता. «मुखपृष्ठाचे प्रूफ : बुधवार» असे करताच अंदाजाचे वचन झाले. मुद्दा आखूड करण्याच्या नादात सर्वांत आधी जातात ते असेच शब्द: बहुधा, शक्यतो, जर, तरी. मेल पाठवण्यापूर्वी मूळ मसुदा शेजारी ठेवून हे शब्द मोजावेत, असे मी सुचवीन. तिकडे तीन होते आणि इकडे एकही नाही, तर समजावे की आपण भाषा नीट करता करता आशयच बदलला.

माझी स्वतःची पद्धत अशी आहे. प्रथम सगळे एंटर काढून टाकावेत आणि दोन ओळींच्या मध्ये मनात कोणता शब्द येतो ते पाहावे. «आणि» येत असेल, तर त्या ओळी एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत आणि त्यांची यादी करता येते. «मग» येत असेल, तर त्या पायऱ्या आहेत आणि त्यांना क्रमांक द्यावेत. «म्हणून», «पण», «तरी» किंवा «कारण» यांपैकी काही येत असेल, तर त्या ओळींना एकमेकींपासून तोडू नये, तो परिच्छेदच.

गच्चीवरून

माझ्या मनात नेहमी «असो» येते. त्याचे काय करावे?

जुना_जुळारी

तो मेल पाठवूच नये.

वाईकर_दादा

मलाही मुद्द्यांचा फार त्रास होतो. संगणकावर लिहिलेल्या मजकुरातून मुद्दे उचलून मेलमध्ये चिकटवले की समोरच्याला टिंबाच्या जागी कधी चौकोन दिसतो, तर कधी भलतेच अक्षर. त्यामुळे मी मुद्दे देणेच बंद केले आहे. आपला प्रश्न हाच आहे ना?

दुपारचा_चहा

दादा, प्रश्न हा नाही, परंतु याचे उत्तर सोपे आहे. तुमचे टिंब हे खरे टिंब नसून Wingdings किंवा Symbol अशा चिन्हांच्या फाँटमधले एक अक्षर असते, आणि समोरच्याकडे तो फाँट नसला की वेगळेच काहीतरी उमटते. मजकूर साधा चिकटवावा आणि टिंबे मेलच्या खिडकीतच द्यावीत. Gmail मध्ये टिंबांच्या यादीसाठी Ctrl+Shift+8 आणि क्रमांकांच्या यादीसाठी Ctrl+Shift+7 दाबावे.

याच संदर्भात एक सावधगिरी सांगतो. असे आपोआप येणारे क्रमांक उत्तरात टिकतीलच, असे नसते. समोरच्या व्यक्तीने तुमच्या यादीतला दुसरा मुद्दा निकाली निघाला म्हणून पुसला, तर तिसऱ्याचा दुसरा होतो. त्यानंतर «मुद्दा ३ मान्य» असे उत्तर आले, तर कोणता तिसरा, हे कोणालाच कळत नाही. आमच्याकडे एकदा या घोळात भलत्याच दराला मान्यता मिळाली होती. ज्या मेलवर मान्यता किंवा पैसे अवलंबून आहेत, त्यात मी क्रमांक हाताने टंकतो.

जुळारीकाकांचे «म्हणून» मला पटले, हेही नमूद करतो. तरीही मोबाइलवरची भिंत ही अडचण शिल्लक राहतेच.

निवृत्त_कक्षाधिकारी

या चर्चेत केवळ दोनच पर्याय गृहीत धरले जात आहेत, याचे मला नवल वाटते. शासकीय पत्रव्यवहारात तिसरा पर्याय कित्येक वर्षांपासून रूढ आहे. पत्राचा पहिला परिच्छेद विनाक्रमांक असतो, त्यात विषय आणि पार्श्वभूमी येते, आणि पुढील प्रत्येक परिच्छेदाला २, ३, ४ असे क्रमांक दिले जातात. वाक्ये पूर्ण राहतात, कार्यकारणभाव तुटत नाही, आणि उत्तर देणारा «आपल्या पत्रातील परिच्छेद ३ च्या अनुषंगाने» असे लिहू शकतो. नस्तीवर टिप्पणी लिहितानाही परिच्छेदांना क्रमांक देण्याचीच शिस्त आहे, कारण वरचा अधिकारी शेऱ्यात त्याच क्रमांकाचा उल्लेख करतो.

मुद्द्यासमोरचे टिंब मला कधीच आवडले नाही. टिंबाला नाव नसते. «तिसऱ्या टिंबाच्या अनुषंगाने» असे कोणी लिहील काय?

गच्चीवरून

साहेब, आपल्या प्रतिसादालाच क्रमांक नाहीत.

निवृत्त_कक्षाधिकारी

२. वरील बाब निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभारी आहे.

प्रत्यय_विचार

मी अनुवादाचे काम करते, त्यामुळे मला इथे मराठीची एक खास अडचण दिसते. इंग्रजीत क्रियापद आधी येते, त्यामुळे «कृपया पाठवा» एवढे म्हणून पुढे अपूर्णविराम दिला की खाली यादी लटकवता येते, आणि प्रत्येक मुद्दा ते वाक्य पूर्ण करतो. आपल्याकडे क्रियापद शेवटी येते. «आम्हाला आपल्याकडून» असे लिहून यादी सुरू केली, तर «हवे आहे» हे शब्द यादीच्या तळाशी जाऊन पडतात, आणि वाचणारा पाच मुद्दे ओलांडेपर्यंत आपल्याला काही मागितले जात आहे की दिले जात आहे, हेच त्याला समजत नाही. म्हणून मराठीत यादीआधीचे वाक्य पूर्ण करून घ्यावे लागते: «छपाईपूर्वी आम्हाला आपल्याकडून पुढील चार गोष्टी हव्या आहेत.» त्या वाक्यात संख्याही सांगावी. चार म्हटले की वाचणारा तीन उत्तरे देऊन थांबत नाही, निदान थांबताना त्याच्या लक्षात तरी येते.

दुसरी अडचण प्रत्ययांची आहे. «अर्जाची, दाखल्याची आणि पावतीची प्रत» हे एका वाक्यात सहज बसते. त्याचेच मुद्दे केले की काही ओळी «अर्ज», काही «दाखल्याची प्रत» आणि काही «पावती जोडणे» अशा होतात. शाईताईंच्या यादीत पाहा: «उपलब्ध नाही» हे विधान आहे, «बाकी» ही नोंद आहे, «बिलाचे नाव ?» हा प्रश्न आहे आणि «बदलणे» ही सूचना आहे. नऊ ओळींमध्ये चार प्रकारची वाक्ये आहेत. «छायाचित्र बदलणे» ही सूचना नेमकी कोणाला आहे? तुमच्या सहकाऱ्याच्या मसुद्यात «पाठवा ना» असे स्पष्ट होते. तुमच्या मुद्द्यात कर्ता नाहीसा झाला, आणि प्रकाशकांना वाटले असेल की छायाचित्र छापखानाच बदलणार आहे.

एका यादीतल्या सर्व ओळी एकाच क्रियापदाने संपवता येत नसतील, तर त्या सर्व एका यादीतल्या नाहीत, असे मी समजते.

शाईचा_डाग

प्रत्ययताई, तुम्ही म्हणता तसेच झाले. मी आज दूरध्वनी केला तेव्हा ते म्हणाले, «ते छायाचित्र तुम्ही बदलणार होता ना?» व्हॉट्सॲपवरून आलेली ती फाइल इतकी लहान झाली आहे की छापल्यावर चेहरे ओळखू येणार नाहीत, आणि मूळ फाइल त्यांच्याशिवाय कोणाकडेच नाही.

तळमजला_सचिव

थोडा वेगळा अनुभव सांगतो. मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. एका सभासदाच्या घरात छतातून गळती होती आणि दुरुस्तीचा खर्च सोसायटीने करावा, अशी त्यांची मागणी होती. समितीने ती नाकारली. मी सभेत टिपलेल्या नोंदींवरून त्यांना चार मुद्द्यांचा मेल पाठवला: पाहणी झाली, गळती अंतर्गत नळाची आहे, खर्च सभासदाचा, दुरुस्ती पंधरा दिवसांत. एकही शब्द चुकीचा नव्हता. ते गृहस्थ चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. पुढे जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, «तुम्ही मला नोटीस बजावलीत.» मी नोटीस बजावली नव्हती, परंतु पुन्हा वाचून पाहिले तेव्हा ती नोटीसच दिसत होती.

नकार, दिलगिरी आणि सांत्वन हे तीन प्रकार मुद्द्यांत लिहू नयेत, हा धडा मला चार महिन्यांच्या अबोल्याने शिकवला.

दुपारचा_चहा

सचिवमहोदय, नकाराचे पटले, परंतु पूर्णपणे नाही. त्या सभासदांना पंधरा दिवसांत कोणती दुरुस्ती करायची, हे तर स्वतंत्रपणे दिसायलाच हवे होते. नकार परिच्छेदात आणि करायची कामे खाली यादीत, असे चालले असते.

तळमजला_सचिव

चालले असते. त्या वेळी सुचले नाही.

अवकाशवेडा

यावरून कोलंबिया यानाचे प्रकरण आठवले. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा यानाच्या पंखावर आदळला. धोका किती, हे सांगण्यासाठी अभियंत्यांनी जे सादरीकरण केले, त्यातल्या एका पडद्यावर मुद्द्यांच्या पोटात मुद्दे आणि त्यांच्या पोटात आणखी मुद्दे अशी उतरंड होती. सर्वांत महत्त्वाची गोष्ट तळाच्या बारीक ओळीत होती: चाचण्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता, तर यानावर आदळलेल्या तुकड्याचे अंदाजे आकारमान १,९२० घन इंच होते. म्हणजे त्या चाचण्यांवरून काहीच ठरवता येत नव्हते, परंतु हा «म्हणजे» वरच्या ठळक मुद्द्यांत कुठेच नव्हता. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर दगावले. चौकशी मंडळाने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात अशा सादरीकरणांच्या सवयीवर स्वतंत्र टिप्पणी केली होती.

अपघाताचे कारण मुद्दे होते, असे मी म्हणत नाही. परंतु तळाच्या मुद्द्यात पुरलेली गोष्ट वाचली जात नाही, हे त्यातून दिसते.

गच्चीवरून

छायाचित्राचा मुद्दाही नववा, म्हणजे तळाचाच होता.

जुना_जुळारी

अवकाशवेडा यांनी «म्हणजे» हा शब्द बरोबर पकडला. मी माझ्या यादीत तो विसरलो होतो. तोही परिच्छेदातच ठेवण्याचा शब्द आहे. मुद्द्यांच्या पोटात मुद्दे हे मेलमध्ये तर कधीच करू नयेत, कारण मोबाइलच्या अरुंद पडद्यावर आत सरकवलेली ओळ दोन-तीन शब्दांवर मोडते, आणि उत्तरांची चार आवर्तने झाली की कोणता मुद्दा कोणाच्या पोटात होता, ते उरत नाही.

कक्षाधिकारी साहेबांच्या क्रमांकित परिच्छेदांना माझा विरोध नाही. प्रत्येक बाबीला दोन-तीन वाक्यांचे स्पष्टीकरण लागत असेल, तर तेच उत्तम. परंतु «बिल कोणाच्या नावे» एवढ्याशा प्रश्नाला स्वतंत्र परिच्छेद दिला, तर त्याच्या अंगावर मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखे होईल.

शाईचा_डाग

सर्वांचे वाचून मी मेल नव्याने लिहिला आहे. जुनी चूक निस्तरायची असल्यामुळे तो पहिल्यापासून लिहावा लागला. पाठवण्यापूर्वी इथे देते. कृपया निर्दयपणे तपासावा.

> विषय : कागदातील बदल आणि आपल्याकडून हवी असलेली चार उत्तरे
>
> मा. महोदय,
> सप्रेम नमस्कार.
>
> ठरलेला ७० जीएसएम मॅपलिथो कागद सध्या मिळत नाही, म्हणून आपल्या संमतीने आम्ही ८० जीएसएमचा कागद घेत आहोत. हा कागद जाड असल्यामुळे पुस्तकाचा कणा सुमारे एक मिलिमीटरने रुंद होईल, आणि म्हणून आपण आधी मान्य केलेले मुखपृष्ठ नव्या मापाला पुन्हा बसवावे लागेल. त्याचा खर्च छापखाना करील. नवे प्रूफ बहुधा येत्या शुक्रवारी तयार होईल. निश्चित वेळ आम्ही गुरुवारी दुपारी कळवू, तोपर्यंत कृपया कोणाला पाठवू नये. बुधवारी आपल्या माणसाला हेलपाटा पडला, याबद्दल दिलगीर आहोत.
>
> छपाईपूर्वी आम्हाला आपल्याकडून पुढील चार गोष्टी कळायला किंवा मिळायला हव्यात.
>
> १. प्रती १००० छापायच्या की १२००, ते कळवावे.
> २. आयएसबीएन क्रमांक कळवावा, म्हणजे मागील मुखपृष्ठावर बारकोड बसवता येईल.
> ३. पृष्ठ १४३ वरील छायाचित्राची मूळ फाइल मेलने पाठवावी.
> ४. बिल कोणाच्या नावे करायचे, ते कळवावे.
>
> आपला / आपली

प्रत्यय_विचार

«कळायला किंवा मिळायला» हे तडजोडीचे वाक्य आहे. त्याऐवजी «पुढील चार बाबी आपल्याकडून हव्या आहेत» असे म्हटले तरी पुरे. चारही ओळी आता «कळवावे, पाठवावी» अशा एकाच घडणीच्या झाल्या आहेत. तिसऱ्या मुद्द्यात मात्र कारण हवे. नुसते «मूळ फाइल पाठवावी» म्हटले, तर ते पुन्हा व्हॉट्सॲपवरूनच पाठवतील. «व्हॉट्सॲपवरून फाइल लहान होते, म्हणून मेलनेच पाठवावी» एवढे लिहावे.

गच्चीवरून

म्हणजे मुद्द्यात «म्हणून» चालतो तर! जुळारीकाका, आता काय म्हणता?

जुना_जुळारी

चालतो. माझा आक्षेप दोन मुद्द्यांच्या मधल्या «म्हणून»ला होता. एकाच मुद्द्याच्या पोटात, कारण आणि विनंती यांच्यात तो बसत असेल, तर तो तिथे घरचाच आहे. मात्र एका मुद्द्यातले कारण दुसऱ्या मुद्द्याला लागू पडत असेल, तर ते वरच्या परिच्छेदात न्यावे.

त्यावरून शाईताईंना एक विचारतो. ८० चा कागद तुमच्याकडे किती आहे?

शाईचा_डाग

गोदामात ३५ रिम आहे. का?

जुना_जुळारी

मग पहिला मुद्दा चुकीच्या जागी आहे. सोळा पृष्ठांचा फॉर्म धरला, तर २५६ पृष्ठांना एका प्रतीमागे १६ ताव लागतात. १००० प्रतींना १६,००० ताव, म्हणजे ३२ रिम. वाया जाणारे ताव धरून ३५ रिम जेमतेम पुरतील. १२०० प्रतींना १९,२०० ताव, म्हणजे ३८ रिमहून अधिक लागतील, आणि वाया जाणारे वेगळे. म्हणजे प्रतींची संख्या हा उरलेल्या तिघांसारखा सुटा प्रश्न नाही. तो कागदाच्या साखळीतलाच आहे. प्रकाशकांनी १२०० म्हटले, तर तुम्हाला पुन्हा कागद शोधावा लागेल आणि कदाचित पुन्हा मेल लिहावा लागेल.

शाईचा_डाग

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. यादीत टाकला की प्रश्न सुटा आहे, असे मलाही वाटू लागले होते.

दुपारचा_चहा

इथे माझा मतभेद नोंदवतो. संख्येचा प्रश्न परिच्छेदात नेला, तर तो तिथेच हरवेल. वाचणारा परिच्छेद नजरेखालून घालतो आणि क्रमांकांना उत्तरे देतो, हे आपण पहिल्या मेलमध्ये… नाही, पहिल्या मेलमध्ये त्याने मुद्द्यांनाही उत्तरे दिली नव्हती. तरीही माझे म्हणणे कायम आहे.

निवृत्त_कक्षाधिकारी

३. परिच्छेदात कारण आणि यादीत प्रश्न, अशी विभागणी करता येईल. वर «हातातील कागद १००० प्रतींना पुरेल, त्याहून अधिक प्रती हव्या असल्यास कागद नव्याने मागवावा लागेल आणि तो मिळेपर्यंत छपाई सुरू करता येणार नाही» असे नमूद करावे. खाली मुद्दा १ मध्ये «वरील बाब विचारात घेऊन प्रतींची संख्या कळवावी» असे लिहावे.

जुना_जुळारी

साहेब, हे मान्य. मी परिच्छेदातच विचारले असते, परंतु चहासाहेबांचा मोबाइलही विचारात घ्यायला हवा.

दुपारचा_चहा

आणखी एक. हे चार प्रश्न परिच्छेदाच्या वर घ्यावेत, असे मला वाटते. मेल उघडताच काय करायचे ते दिसावे आणि कारणे खाली यावीत.

तळमजला_सचिव

हेलपाटा पडलेल्या माणसाला आधी चार कामे सांगायची आणि दिलगिरी खाली द्यायची? मी हा प्रयोग करून पाहिला आहे. माझ्याकडून चार महिने.

जुना_जुळारी

या मेलपुरते तरी प्रश्न खालीच बरे, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदाचे प्रकरण वाचल्याशिवाय देता येत नाही. कारणांची गरज नसलेला मेल असता, तर चहासाहेबांचे ऐकले असते.

दुपारचा_चहा

मला पटलेले नाही. विषयाच्या ओळीत «चार उत्तरे» असे आधीच लिहिले आहे, एवढ्यावर समाधान मानतो.

वाईकर_दादा

Ctrl+Shift+8 दाबून पाहिले. टिंबे आली. समोरच्यालाही दिसली. आभार.

शाईचा_डाग

मेल काल दुपारी गेला. कक्षाधिकारी साहेबांची दोन्ही वाक्ये आणि व्हॉट्सॲपची सूचना त्यात घातली होती. संध्याकाळी उत्तर आले, आणि त्यात १, ३ आणि ४ अशी तीन उत्तरे क्रमांकांसह होती: प्रती १०००, छायाचित्र सोबत जोडले आहे, बिल संस्थेच्या नावे. दुसऱ्या क्रमांकासमोर «उद्या पाहून कळवतो» असे होते. मागे नुसते मौन होते. आता निदान काय बाकी आहे, ते दोघांनाही माहीत आहे. खर्चाविषयी त्यांनी पुन्हा काही विचारले नाही.

मालकांना दोन्ही मेल शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी नवा वाचला आणि म्हणाले की चांगला आहे, परंतु वरच्या परिच्छेदाचेही मुद्दे केले असते तर अधिक व्यवस्थित दिसले असते.

सहकाऱ्याला मात्र मी «आणि, मग, म्हणून» ची युक्ती समजावून सांगितली. आज सकाळी त्याचा मला संदेश आला: «ताई, काल पावसात भिजलो, म्हणून ताप आला आहे, म्हणून आज येऊ शकत नाही.» एकाच ओळीत, एकही एंटर न दाबता.

गच्चीवरून

«बहुतेक» लिहिले आहे का ते तपासा.